घेणाऱ्याची सही

एकट्या प्रवास करणाऱ्या मुलांची ने-आण करणाऱ्या बाईंना त्या विमानतळावर कुणी नावाने हाक मारत नसे. बावीस वर्षांत त्यांचं नाव फक्त हजेरीच्या यादीत उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी, सामान चढवणाऱ्यांपासून ते वैमानिकांपर्यंत, त्या सहीबाई होत्या. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण का ठेवलं ते विचारायची कुणाला गरज पडली नाही. सहीबाईंकडून कुठलीही वस्तू, अगदी स्टेपलर घेतला तरी वहीत सही करावी लागे. त्यांचा नवरा शाळेत कारकून. तो सांगायचा, "लग्नाच्या दिवशी मी हिला म्हटलं, आता मी तुझा. तर ही म्हणाली, लिहून द्या."

काम ऐकायला सोपं होतं. पाच ते बारा वर्षांचं मूल, सोबत मोठं माणूस नाही. सोडायला आलेला माणूस काउंटरवर फॉर्म भरतो. मुलाचं नाव, वय, सोडणाऱ्याचं नाव, नातं, फोन. त्याच्याखाली, पलीकडच्या गावी उतरवून घेणाऱ्याचं नाव, नातं, फोन आणि ओळखपत्राचा नंबर. एक प्रत तिथेच राहते, बाकीच्या मुलाच्या गळ्यातल्या पिशवीत. काउंटरवरची मुलगी त्याला तपासणीतून पुढे नेते आणि विमानाच्या दारात केबिनमधल्या मुख्य बाईच्या हवाली करते. सही. विमान उतरलं, सगळे प्रवासी गेले, की ती बाई मूल सहीबाईंच्या हवाली करते. पुन्हा सही. आणि शेवटी बाहेरच्या काचेच्या दारापाशी सहीबाई घेणाऱ्याचं ओळखपत्र फॉर्मशी ताडून बघतात आणि मूल त्याच्या हातात देतात. शेवटची सही. मधल्या कुठल्याही मिनिटाला मूल कुणाच्या ताब्यात होतं, हे कागद बघून सांगता यायला हवं.

या बाबतीत बाई देवालाही सूट देणाऱ्या नव्हत्या. एकदा फॉर्मवर काकाचं नाव आणि न्यायला आला मामा. पोरगं "मामा, मामा" करत त्याच्या गळ्यात पडलेलं. सहीबाईंनी त्याला हळूच सोडवून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रेम दिसतंय हो, कागद दिसत नाही." मग पोराच्या आईला तिकडच्या विमानतळावर परत बोलावलं, तिने तिथे नवं नाव लिहून सही करून दिली, ते इकडे आलं, आणि पन्नास मिनिटांनी मामाला भाचा मिळाला. मामाने जाताना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना शिव्यांचं काही वाटत नसे. रात्री झोप लागण्याशी मतलब, असं त्या म्हणत, आणि त्यांना ती खरोखर लागायचीही.

त्या मंगळवारी अकरा चाळीसच्या विमानाने एक मुलगी आली. वय आठ. फॉर्मवर लांबलचक नाव होतं, पण केबिनमधली मुख्य बाई म्हणाली, "हिला घरी बारकी म्हणतात, तिनेच सांगितलं. गुणी आहे. दीड तासात एकदाही बेल वाजवली नाही." सहीबाईंनी वेळ लिहून सही केली आणि बारकीचा हात धरला. पोरगी खरंच बारीक होती, पण सामान तिच्या मानाने फारच. पट्ट्यावरून दोन मोठ्या बॅगा आल्या. एक तर बाईंना ढकलगाडीवर चढवताना कंबर धरायला लावणारी.

"सुट्टीला एवढं?" बाईंनी विचारलं.

"आईने भरलंय," बारकी म्हणाली.

बाहेर काचेच्या दारापाशी नेहमीची गर्दी होती. सहीबाई कठड्याच्या आत उभ्या राहिल्या आणि ठरलेल्या पद्धतीने म्हणाल्या, "बघ बरं, बाबा दिसतायत का?" मूल अशा वेळी धावत सुटतं, म्हणून त्यांनी मनगट घट्ट धरलं होतं. पण बारकी धावली नाही. तिने गर्दीकडे नीट, एकेक चेहरा बघितला. मग एका चष्मेवाल्या माणसाकडे बोट केलं आणि विचारलं, "ते असतील का?"

चष्मेवाला आपल्या बायकोला घेऊन निघून गेला. नंतर तिने एका टोपीवाल्याबद्दल विचारलं. तोही कुणाचा तरी दुसऱ्याचाच निघाला. सहीबाईंनी तेव्हा पहिल्यांदा घड्याळ बघितलं. पण उशीर होतो माणसांना. रस्ते असतात, गाड्या बंद पडतात. वीस मिनिटांत दारापुढे फक्त टॅक्सीवाले उरले.

नियमाप्रमाणे बाई बारकीला घेऊन आत आपल्या खोलीत आल्या. खोली म्हणजे काचेची एक बाजू, तीन खुर्च्या, एक टेबल आणि रंगीत खडूंचा डबा. फॉर्मवरचा घेणाऱ्याचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग आईचा लावला. बंद. दहा मिनिटांनी परत बंद. चौथ्या खेपेला बापाचा फोन उचलला गेला. मागे लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता.

"लवकर बोला, मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय," तो माणूस म्हणाला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा होता तो.

सहीबाईंनी विमानतळाचं नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, आणि म्हणाल्या की तुमची मुलगी पोचली आहे, तुम्ही अजून आला नाहीत.

"कोण मुलगी? चुकीचा नंबर लागलाय तुमचा."

बाईंनी फॉर्मवरचं लांबलचक नाव वाचलं. पलीकडे लोखंडाचा आवाजही थांबला. मग अगदी हळू आवाजात, "बारकी?"

"हो."

"ती इथे कशी?"

सहीबाईंनी हातातला फोन दुसऱ्या कानाला लावला. ऐकण्यात काही चूक होतेय असं त्यांना वाटलं. "तुम्हाला कळवलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"पाच वर्षांत मी तिला बघितलेलं नाही हो. मला कुणी काही सांगितलं नाही. मी... बघा, माझं दुसरं घर आहे आता. मला नाही जमणार." आणि फोन कट झाला.

बावीस वर्षांत त्यांनी उशिरा आलेले बघितले होते, ओळखपत्र विसरलेले बघितले होते, दारू पिऊन आलेला एक बघितला होता आणि त्याला मूल दिलं नव्हतं. पण ज्याचं नाव फॉर्मवर आहे त्यालाच मूल येतंय हे ठाऊक नाही, असं कधी झालं नव्हतं. काचेपलीकडे बारकी खडूने एक घर काढत होती आणि त्याला खिडक्याच खिडक्या देत होती.

त्यांनी फॉर्म पुन्हा समोर घेतला. घेणाऱ्याच्या नावाखाली एक छोटी चौकट असते. पलीकडच्या माणसाला फोन करून विचारलं, तो येणार आहे, असं झालं की काउंटरवरच्या मुलीने तिथे खूण करायची. चौकटीत खूण होती. स्वच्छ, ठसठशीत.

सहीबाईंनी तिकडच्या विमानतळावर फोन लावला. काउंटरवरची ती मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. दोन वर्षांपूर्वी सहीबाई खास त्यासाठी तिकडे आठवडाभर जाऊन आल्या होत्या.

"तू घेणाऱ्याला फोन केला होतास?" बाईंनी विचारलं. आवाज चढला होता.

"नाही बाई. आई म्हणाली, आत्ताच बोलणं झालंय त्यांच्याशी."

"आणि तू खूण केलीस?"

पलीकडची मुलगी गोंधळली. "तुम्हीच शिकवलं होतं ना बाई? आई समोर उभी आहे आणि सांगतेय की बोलणं झालंय, तर खूण करा आणि पुढे चला. लाइन खोळंबते. मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं होतं."

सहीबाईंना ते आठवलं, अगदी शब्दांसकट. त्या आठवड्यात तिकडे पालकांच्या तक्रारी होत्या, आम्ही काय खोटं बोलतोय का, असल्या. आणि बाईंनी फळ्यापाशी उभं राहून सगळ्या वर्गाला म्हटलं होतं, "आईपेक्षा मोठा पुरावा कुठला?" वर्ग हसला होता. त्यांना स्वतःलाही ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. सगळ्या जगाकडून सही मागणाऱ्या बाईंनी एका ठिकाणी सूट दिली होती, ती नेमकी इथे. फॉर्मवर सोडणाऱ्याची सही होती, काउंटरची होती, केबिनमधल्या बाईची होती, त्यांची स्वतःची होती. घेणाऱ्याला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"आई विमान सुटेपर्यंत थांबली होती का?" बाईंनी विचारलं.

"थांबली होती. सगळं नियमाप्रमाणे केलं तिने. विमान उडालं असं सांगितल्यावर बाकावरून उठली, मला थँक यू म्हणाली आणि गेली."

बाईंना ते ऐकून जास्तच कसंतरी झालं.

दुसरा एखादा नंबर सापडतोय का म्हणून त्यांनी बारकीच्या गळ्यातली पिशवी टेबलावर रिकामी केली. बोर्डिंग पास, फॉर्मच्या प्रती, बिस्किटांचा पुडा. आणि तळाशी चार घड्या घातलेला एक कागद. उलगडल्याबरोबर त्यांनी ओळखला. नवरा कारकून असल्यामुळे हा कागद त्यांनी घरी शेकडो वेळा बघितला होता. शाळा सोडल्याचा दाखला. तारीख गेल्या शुक्रवारची. त्यांनी कॉम्प्युटरवर तिकीट काढून बघितलं. परतीचं तिकीट नव्हतंच.

बाई खुर्चीत बसल्या. आठ वर्षांची पोर सुट्टीला आलेली नव्हती, तिला कायमची पाठवून दिलेली होती. आणि ज्याच्याकडे पाठवली तो म्हणत होता, मला नाही जमणार.

"बाबा कामात आहेत का?" बारकीने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत मुलांशी खोटं बोलायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती, त्यामुळे ते त्यांना नीट जमलंही नाही.

ड्यूटी मॅनेजर आला. वयाने त्यांच्या मुलाएवढा, पण माणूस सरळ. त्याने सगळं ऐकलं, दाखला बघितला. मग तो बोटावर मोजायला लागला. आईचा फोन बंद, म्हणजे नाव बदलून घेता येत नाही. परत पाठवायची तर तिकडे घ्यायला कुणी नाही. राहिला बाप. तो नाही आला तर पोलीस चौकीला कळवायचं, ते बालगृहाला कळवतील, तिथली माणसं येऊन घेऊन जातील. "चार वाजेपर्यंत वाट बघू," तो म्हणाला. "त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही."

तेव्हा दीड वाजला होता. सहीबाईंनी त्यांचा डबा उघडला आणि अर्धा बारकीपुढे सरकवला. पोरीने खाल्लं, डबा पुसून परत दिला, आणि विचारलं की मी कुठे सही करू. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिला घरी न्यायचा विचारसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेला. नवरा काही म्हणाला नसता, मुलगा परगावी होता, खोली रिकामी होती. पण त्यांचं नाव त्या फॉर्मवर नव्हतं. मामाला पन्नास मिनिटं उभं करणाऱ्या बाईंना हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी बापाला पुन्हा फोन लावला. त्याने उचलला नाही. मग त्यांनी नियमात नसलेली एक गोष्ट केली. मेसेज लिहिला. "मुलगी माझ्यासमोर बसली आहे. चार वाजता तिला बालगृहात नेतील. यायचं नसेल तर येऊ नका, पण तसं इथे येऊन लिहून द्या." पाठवल्यावर त्यांना वाटलं, आपण कुणालाही इतकं बोचरं कधी बोललो नव्हतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी तो आला. कामाच्या कपड्यांत, कोपरापर्यंत ग्रीस. ओळखपत्र त्याने आधीच हातात काढून धरलं होतं. चेहरा असा की त्यालाच कुणीतरी धरून बसवावं. विमानतळाच्या चौकीतला हवालदार बाईंनी मुद्दाम बोलावून घेतला होता, तो दारात उभा राहिला. बाईंनी ओळखपत्र घेतलं. नाव जुळलं, नंबर जुळला, फोटो जुळला. बावीस वर्षांत एवढं झालं की त्यांच्या जिवात जीव यायचा. आज आला नाही.

"ही सही केली की मुलगी तुमच्या ताब्यात," त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे केला.

त्याने पेन घेतलं. मग बारकीकडे न बघता, टेबलाकडेच बघत, विचारलं, "सही केल्यावर परत आणून देता येतं का?"

हवालदाराने नजर दुसरीकडे वळवली. सहीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बारकीच बोलली.

"मी जास्त त्रास देत नाही," ती म्हणाली. "आईने सांगायला सांगितलंय. मला थोडेच दिवस ठेवलं तरी चालेल."

तिने हे रडून नाही म्हटलं. शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं म्हटलं, आणि मग खडू डब्यात भरायला लागली. बाप खुर्चीत बसला. ग्रीसचा हात त्याने तोंडावरून फिरवला, तोंड काळं झालं. नंतर सहीबाईंनी नवऱ्याला सांगितलं की त्या क्षणी मला तो माणूस फटकवावासाही वाटला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हीतलं जास्त काय ते मला अजून कळलेलं नाही.

बापाने फोन काढला आणि कुणाचाही आडपडदा न ठेवता बायकोला लावला. "ऐक," तो म्हणाला. "तुला एक सांगायचं राहिलंय. मला एक मुलगी आहे. आठ वर्षांची. ती इथे आलीय." मग तो ऐकत राहिला. पलीकडची बाई काय बोलत होती ते कुणाला ऐकू येत नव्हतं, पण ती बरंच बोलत होती आणि मध्ये काही वेळ काहीच बोलत नव्हती. तो "हो" म्हणायचा, "चुकलंच" म्हणायचा, पुन्हा "हो". सहीबाई घड्याळाकडे बघत होत्या. साडेतीन झाले होते. त्यांना वाटलं, हा आता फोन ठेवेल आणि उठून जाईल.

त्याने फोन कानावरून खाली घेतला आणि पहिल्यांदाच पोरीकडे सरळ बघितलं. "ती विचारतेय," तो म्हणाला, "तू जेवलीस का?"

बारकीने सहीबाईंकडे बघितलं, मग मान हलवली. "अर्धा डबा," ती म्हणाली.

"अर्धाच जेवलीय," त्याने फोनमध्ये सांगितलं.

मग त्याने सही केली. हवालदाराने त्याचा घरचा पत्ता, कामाचा पत्ता, दोन्ही नंबर लिहून घेतले आणि बजावलं की उद्या बालकल्याणची बाई घरी येऊन बघून जाईल, परवा पुन्हा येईल, तेव्हा घरात राहा. मॅनेजरने ढकलगाडी बाहेरपर्यंत नेली. बापाने ग्रीसचे हात पँटला पुसले, पण तरी तिचा हात धरायला तो धजावला नाही. बारकीनेच त्याच्या शर्टाची कड धरली. दोघं दारातून गेले, आणि बाई शेवटच्या सहीखाली वेळ लिहायला विसरल्या. मॅनेजरला आठवण करून द्यावी लागली.

पाच वाजता आईचा फोन आला.

दुपारभर सहीबाईंनी तिच्यासाठी शब्द साठवून ठेवले होते. पण बाई काही बोलायच्या आधीच तिने पलीकडून विचारलं, "त्यांनी सही केली का?"

"केली," बाई म्हणाल्या.

पलीकडे श्वास सुटल्यासारखा आवाज झाला आणि ती बाई रडायला लागली. रडता रडता तिने जे सांगितलं त्याची जुळवाजुळव बाईंनी नंतर केली. राहती जागा सुटली होती. नवं काम एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायचं, चोवीस तास त्यांच्याच घरी राहून, आणि मूल चालणार नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलेलं. बारकीच्या बापाला तिने पाच वर्षांत कितीतरी वेळा फोन केले, तिचा आवाज ऐकला की तो ठेवून देई. "फोनवर विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता," ती म्हणाली. "समोर उभी राहिली तर म्हणेल का? आणि नाही म्हणालाच, तरी तुम्ही तिला भलत्याच्या हातात देणार नाही, हे मला ठाऊक होतं. तो फॉर्म मी तीनदा वाचला. माझ्या ओळखीत दुसरं कुणी इतकं विचारत नाही हो."

सहीबाईंना धक्क्यांची सवय झाली असेल असं वाटेल, पण हा त्यांना सगळ्यात मोठा बसला. त्यांच्या बावीस वर्षांच्या कागदांवर, मामाला तिष्ठत ठेवणाऱ्या त्या कठोरपणावर, एका आईने आपली पोर सोडून दिली होती. पोर सुखरूप राहील, ह्याच भरवशावर. आणि त्याच कागदावरच्या एका चौकटीत त्यांनी स्वतः खोटी खूण करायला शिकवलं होतं.

"मी चुकले का?" आईने विचारलं.

"तुम्ही खोटं बोललात," बाई म्हणाल्या. "आणि मी खोटं बोलायला वाट ठेवली." मग त्या म्हणाल्या, "फोन बंद ठेवू नका आता. उद्या तिला करा. ती विचारणार."

त्या संध्याकाळी त्यांनी घडलेल्या प्रकाराचा अहवाल लिहिला. घेणाऱ्याला फोन न करता खूण केली गेली, याला जबाबदार कोण, असा एक रकाना होता. तिकडच्या काउंटरवरच्या मुलीचं नाव मॅनेजरने आधीच पेन्सिलीने लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं, स्वतःचं लिहिलं आणि सही केली. मॅनेजर म्हणाला, "बाई, तुमच्या नोकरीची तीनच वर्षं राहिलीत." त्या म्हणाल्या, "तेवढी पुरतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहीबाई इथून विमानाने निघणाऱ्या मुलांच्या काउंटरवर होत्या. नऊ वर्षांचा एक मुलगा, सोबत घाईतली आई, मागे पंधरा-वीस माणसांची रांग. आईने फॉर्म भरला, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "त्याच्या बाबांशी आत्ताच बोलले मी. येतायत ते."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फॉर्मवरचा नंबर लावला.

"अहो, मी सांगतेय ना, बोलणं झालंय."

"ऐकलं मी."

फोन वाजत राहिला. रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा टाकला. आई रागाने लाल झाली आणि म्हणाली की तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून विमानं चुकतात. बाईंनी मान हलवली, दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा उचलला. झोपेतून उठलेला आवाज होता. बाईंनी मुलाचं नाव सांगितलं, विमान सांगितलं, वेळ सांगितली, आणि विचारलं की तुम्ही त्याला घ्यायला येणार आहात का.

"हो, येणार आहे की," तो माणूस म्हणाला.

सहीबाईंनी पेन उचललं आणि चौकटीवर नेऊन थांबवलं. "पुन्हा एकदा सांगा," त्या म्हणाल्या.